फोनवरची ऑफर आणि त्याच संध्याकाळचा मेल

कोणी बंगळूरूहून ऐकत असेल, कोणी इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्लीहून. आजचा विषय छोटा आहे, पण त्यावर एखाद्याचे तीन-चार महिने आणि दोन-अडीच लाख रुपये अवलंबून असू शकतात. मुलाखती संपतात, कंपनीतून फोन येतो, "अभिनंदन, तुमची निवड झाली," आणि पाच-सात मिनिटांत पगार, बोनस, रुजू होण्याची तारीख असं सगळं सांगितलं जातं. कागद मात्र हातात काहीच नसतो. "लेटर येईल चार-पाच दिवसांत. तुम्ही तोवर राजीनामा टाकून द्या," असं वर सांगितलं जातं. त्या फोननंतर, त्याच दिवशी, झालेल्या बोलण्याची नोंद करणारा एक नम्र मेल कसा पाठवायचा, एवढंच मी आज सांगणार आहे.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे, म्हणजे तो फोन करणाऱ्या बाजूला. तेव्हा आधी आमच्या बाजूला काय चालतं ते सांगते. ते कळलं की मेल कशासाठी लिहायचा ते आपोआप कळेल.

तुम्हाला फोन करणारी व्यक्ती भरतीचं काम बघते. तिला पगाराचा एक आकडा मंजूर करून मिळालेला असतो आणि ती तो तुम्हाला सांगते. तुम्ही काही विचारता, ती सांगते, "हो हो, तेही बघू आपण." फोन ठेवल्यावर ती संगणकावर एक फॉर्म भरते. त्यात पद, एकूण पगार, ठिकाण, रुजू होण्याची तारीख असे ठरलेले रकाने असतात. तो फॉर्म मंजुरीसाठी वर जातो, आणि ऑफर लेटर तयार करणारी मंडळी वेगळीच असतात. त्यांनी तुमच्याशी कधी बोललेलं नसतं. त्यांच्यासमोर फक्त फॉर्म असतो. आता "नोटिस पीरियडचे राहिलेले दिवस आम्ही विकत घेऊ" किंवा "आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसात यायचं" या गोष्टींना बऱ्याच फॉर्मांत रकानाच नसतो. त्या राहतात फोन करणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यात. त्या दिवशी तिने असे सहा फोन केलेले असतात. पुढच्या महिन्यात ती स्वतःच नोकरी बदलून गेलेली असू शकते. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. माझ्या अनुभवात शब्द फिरवणारे लोक कमी भेटतात, पण वाटेत शब्द गळून पडणं मात्र रोज घडतं.

म्हणून हा मेल समोरच्याला पकडण्यासाठी नसतो. फोनवरचं बोलणं मंजुरीच्या फाइलमध्ये पोचावं, यासाठी तो असतो. चांगला लिहिलेला मेल भरतीवाली व्यक्ती जसाच्या तसा वर पाठवून देते: "उमेदवाराशी हे ठरलं आहे, कृपया लेटरमध्ये घ्या." तिचंही काम सोपं होतं. असे मेल आले की मला तर हायसं वाटतं.

आता एक उदाहरण घेऊ. इंदूरची एक मुलगी, डेटा ॲनालिस्ट. हैदराबादच्या एका कंपनीकडून गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. ती तेव्हा घरी परतताना रस्त्यात होती. तिला सांगितलेल्या गोष्टी अशा: वर्षाला १८ लाख. जॉइनिंग बोनस २ लाख. काम हायब्रिड. तिचा सध्याचा नोटिस पीरियड ९० दिवसांचा, पण त्यांना ती ६० दिवसांत हवी, म्हणून उरलेल्या ३० दिवसांचे पैसे कंपनी भरेल. आणि अर्थातच, "राजीनामा टाका, लेटर येतंय."

तिने घरी पोचण्याआधीच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, मोबाइलमध्ये सगळं टिपून ठेवलं. वेळ, बोलणाऱ्या मॅडमचं नाव, आकडे, आणि शक्य तिथे त्यांचे नेमके शब्द. हे दहा मिनिटांत करावं. रात्रीपर्यंत थांबलं की आपल्याला जे ऐकायला आवडलं असतं, तेच ऐकलं होतं असं वाटू लागतं.

आता या चार गोष्टींत किती गाठी आहेत बघा. वर्षाला १८ लाख म्हणजे महिन्याला दीड लाख, असा हिशोब घरात लगेच होतो. पण हा आकडा बहुतेक वेळा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा सगळा खर्च. समजा, त्यात दहा टक्के व्हेरिएबल आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. ते कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर ठरतं. समजा, मूळ वेतन निम्मं, म्हणजे ९ लाख आहे, आणि कंपनी त्या पूर्ण रकमेवर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी भरते. ते झाले १ लाख ८ हजार. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरतात, म्हणजे साधारण ४३ हजार, आणि ती मिळते नोकरी सोडताना, तीही पात्र ठरलात तर. हे सगळं वजा केलं की महिन्याला सुमारे १ लाख २२ हजार उरतात. त्यातून तुमच्या वाटचा भविष्य निर्वाह निधी ९ हजार गेला, की १ लाख १३ हजार. प्राप्तिकर आणि व्यवसायकर अजून कापायचेच आहेत.

आणि जॉइनिंग बोनसचे ते २ लाख या १८ लाखांच्या आत आहेत की वर? दोन्ही पद्धती चालतात. आत असतील, तर तो महिन्याचा आकडा ९६-९७ हजारांवर येतो. फोनवर दोन्ही वेळा वाक्य एकच असतं: "अठरा लाख, आणि जॉइनिंग बोनस दोन लाख." त्या मुलीला वाटलं, वर. मॅडमच्या मनात काय होतं, ते तिला कळायला मार्ग नव्हता. खोटं कोणीच बोललेलं नव्हतं.

तर तिने काय केलं? त्याच रात्री साडेआठला मेल पाठवला. स्वतःच्या खाजगी मेलवरून. सध्याच्या कंपनीच्या मेलवरून अशा गोष्टी कधीही पाठवू नयेत, ती पेटी कंपनीच्या मालकीची असते आणि शेवटच्या दिवशी बंद होते. मुलाखतीच्या निमंत्रणाचा जो मेल आधी आला होता, त्यालाच उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे सगळं एकाच साखळीत राहिलं. तुम्ही असा मेल इंग्रजीत लिहाल. मी मजकूर मराठीत वाचून दाखवते, म्हणजे त्याचा सूर कळेल.

"नमस्कार मॅडम. आज संध्याकाळी फोन केल्याबद्दल मनापासून आभार. या संधीने मला फार आनंद झाला आहे. मला नीट समजलं आहे ना, हे पाहण्यासाठी आपलं बोलणं इथे लिहून ठेवते आहे.

पद सीनियर डेटा ॲनालिस्ट, ठिकाण हैदराबाद. एकूण सीटीसी वर्षाला १८ लाख. जॉइनिंग बोनस २ लाख, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो या १८ लाखांव्यतिरिक्त आहे. काम हायब्रिड पद्धतीने, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात. रुजू होणं राजीनाम्यापासून ६० दिवसांनी, आणि माझ्या नोटिस पीरियडच्या उरलेल्या ३० दिवसांची रक्कम कंपनी भरून देईल.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या: सीटीसीमध्ये निश्चित आणि व्हेरिएबल भाग किती, आणि एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करण्याची अट आहे का.

यात काही चुकलं असेल तर कृपया दुरुस्त करावं. बरोबर असेल तर याच मेलला तसं कळवलंत तरी पुरे. लेखी ऑफर हाती आली की ती वाचून मी लगेच उत्तर देईन आणि त्यानंतर राजीनाम्याची प्रक्रिया सुरू करेन. कळावे."

एवढाच मेल. मोबाइलच्या पडद्यावर दीड पान. आता यातल्या काही शब्दांपाशी थांबू, कारण खरं काम ते शब्द करतात.

"माझ्या समजुतीप्रमाणे" हे शब्द फक्त एकदा आले आहेत, आणि जिथे शंका होती नेमके तिथेच. प्रत्येक ओळीत ते घातले तर सगळंच डळमळीत दिसतं. जे स्पष्ट सांगितलं गेलं, ते सरळ लिहावं. जिथे दोन अर्थ निघतात, तिथे आपण काढलेला अर्थ लिहावा. लोक इथे मोघम राहतात, "२ लाख बोनस" एवढंच लिहितात, कारण स्पष्ट विचारलं तर वाईट उत्तर येईल अशी भीती वाटते. पण मोघम मेलला "हो, बरोबर" असं उत्तर आलं, तरी तुमच्या हाती आधी होतं तेवढंच राहतं.

फोनवर ठरलेलं आणि न विचारलेलं, या दोन गोष्टी तिने वेगळ्या परिच्छेदांत ठेवल्या. हे फार महत्त्वाचं. फोनवर न निघालेली गोष्ट ठरलेल्या यादीत हळूच सरकवली, समजा, "घर हलवण्याचा खर्च ५० हजार," तर भरतीवाल्याच्या ते लगेच लक्षात येतं. मग बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. घासाघीस करायची असेल तर जरूर करा, पण वेगळ्या मेलमध्ये किंवा फोनवर.

आता शेवटचा परिच्छेद. त्यात आनंद आहे, पण "मला ऑफर मान्य आहे" हे वाक्य नाही. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याप्रमाणे तोंडी करारही सर्वसाधारणपणे करारच असतो, आणि स्वीकार हा पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. मान्य म्हणून टाकलंत आणि चार शंका खाली लिहिल्या, तर धड स्वीकार नाही, धड प्रश्न नाही, असं होतं. शिवाय व्यवहारात, मान्य म्हटल्यावर शंकांना उत्तर देण्याची घाई समोर कोणालाच राहत नाही. म्हणून वाचून उत्तर देईन, असंच लिहावं.

आणखी एक वाक्य लोक कुठून तरी शिकून घालतात: "दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर हे सगळं मान्य आहे असं मी समजेन." ते घालू नका. समोरच्याच्या गप्प बसण्याला आपण एकतर्फी होकार ठरवू शकत नाही. कायद्यातही त्या वाक्याला फारसं वजन नाही आणि वाचणाऱ्याला ती धमकी वाटते. भरतीवाली व्यक्ती असा मेल कायदा विभागाकडे पाठवते आणि तुमचं लेटर आठवडाभर लांबतं.

मेल पाठवल्यावर काय येतं? उत्तम म्हणजे ओळीओळीने उत्तर. ते क्वचित येतं. बहुतेक वेळा येतं, "सगळा तपशील लेटरमध्ये असेल." हे उत्तर होकारही नाही आणि नकारही नाही. मी तरी त्याचा अर्थ असा घेईन की फाइल अजून मंजुरीत आहे. वाट पाहावी, राजीनामा टाकू नये. तिसरा प्रकार म्हणजे लगेच फोन येतो: "अहो, एवढं लिहायची काय गरज, मी सांगितलंय ना!" या फोनवर वाद घालू नये. गोड बोलावं, उत्तरं ऐकून घ्यावीत, आणि फोन ठेवल्यावर त्याच मेलखाली दोन ओळी लिहाव्यात: "आत्ताच्या फोनबद्दल आभार. आपण सांगितल्याप्रमाणे व्हेरिएबल दहा टक्के आहे, हे नोंदवते." बस. समोरून लेखी आलं नाही तरी तुमची नोंद त्या त्या वेळची, तारखेसह राहते.

आणि काहीच आलं नाही तर? कामाचे दोन दिवस थांबून एक छोटी आठवण करावी. तिलाही उत्तर नाही आणि फोनही उचलला जात नाही, तर ती ऑफर अजून मंजूरच झालेली नाही असं धरून चालावं. बाकीच्या मुलाखती चालू ठेवाव्यात. हातचं सोडून पळत्यापाठी धावायची ही वेळ नव्हे.

मधे कन्सल्टन्सी असेल तर एक सूचना. कन्सल्टंटने सांगितलेल्या अटी कंपनीच्या असतीलच असं नाही. त्याला कंपनीच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार सहसा नसतो. त्याला मेल जरूर लिहा, पण कंपनीतल्या व्यक्तीलाही प्रत पाठवा, तिच्या कंपनीच्या पत्त्यावर. कंपनीचा पत्ताच कोणी देत नसेल, सगळं व्हॉट्सॲपवर आणि फुकटच्या मेल खात्यावरून चाललं असेल, आणि वर ट्रेनिंग किंवा लॅपटॉपसाठी अनामत मागत असतील, तर ती ऑफर नव्हे, फसवणूक आहे. पैसे देऊ नका.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. शुक्रवारी उत्तर नाही. शनिवार-रविवार सुट्टी. या मधल्या दिवसांत मॅडमचा मेसेज मात्र आला, की राजीनामा टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवा, म्हणजे लेटर लवकर काढता येईल. ही मागणी फार ठिकाणी होते. तिने लिहिलं, "मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे, लेखी ऑफर मिळाली की त्याच दिवशी राजीनामा देते, ६० दिवस तिथून धरावेत." इथे तो आधीचा मेल उपयोगी पडला. तिने आयत्या वेळी काढलेली सबब नव्हती ती, गुरुवारीच सांगितलेली गोष्ट होती.

सोमवारी तिने आठवण केली आणि दुपारी उत्तर आलं. व्हेरिएबल दहा टक्के. बोनस १८ लाखांव्यतिरिक्त, पण १२ महिन्यांच्या आत सोडल्यास पूर्ण परत करावा लागेल. हायब्रिडचे दिवस तीन, दोन नव्हे. टीमचा नियम बदलला होता. नोटिसच्या पैशांबद्दल उत्तरात एक अक्षर नव्हतं.

ज्या ओळीला उत्तर येत नाही, तिच्यावर बोट ठेवायचं असतं. तिने फक्त तेवढंच परत विचारलं: ही रक्कम जास्तीत जास्त किती, आणि कोणत्या कागदावर व कधी मिळेल? कारण हे पैसे नवी कंपनी जुन्या कंपनीला बहुधा थेट देत नाही. जुनी कंपनी तुमच्या अखेरच्या हिशोबातून कापते, तुम्ही तो हिशोबाचा कागद नव्या कंपनीला दाखवता, आणि मग पगाराबरोबर भरपाई मिळते. म्हणजे मधले एक-दोन महिने खिशातून आपल्याच जातात. तिचा एका महिन्याचा पगार ८० हजार होता. हे आधी कळलं, तर माणूस तशी तजवीज करतो.

बुधवारी लेटर आलं. आणि इथे मला शेवटचा, पण सगळ्यांत निसटणारा मुद्दा सांगायचा आहे. बहुतेक ऑफर लेटरच्या शेवटी एक कलम असतं: यापूर्वीची सर्व तोंडी वा लेखी बोलणी रद्द समजावीत, हेच पत्र अंतिम. तुम्ही त्यावर सही केलीत, की तुमचा तो सुंदर मेल त्या पत्रापुढे बराच लंगडा पडतो. नंतर "पण मी मेल केला होता" म्हणून फार काही साधत नाही. मेलची खरी ताकद लेटर येण्याआधी आणि सही होण्याआधी असते.

म्हणून तिने लेटर आणि मेल शेजारी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहिली. पद बरोबर. आकडे बरोबर. बोनस वेगळ्या परिशिष्टात, बरोबर. ऑफिसचे दिवस पत्रात नव्हतेच, फक्त "कंपनीच्या धोरणानुसार" असं होतं. ते तिने सोडून दिलं, आणि माझ्या मते योग्य केलं, कारण हे धोरण कंपन्या तसंही बदलत राहतात आणि कोणत्याही पत्रात ते बांधून घेणं अवघड. नोटिसचे पैसे मात्र पत्रात कुठेच नव्हते. तिने सही न करता त्याच साखळीत लिहिलं: "लेटरबद्दल आभार. सर्व पाहिलं. सोमवारच्या मेलमधला नोटिस भरपाईचा मुद्दा पत्रात दिसला नाही. परिशिष्टात घेता येईल का? तो आला की आजच सही करून पाठवते."

दुसऱ्या दिवशी सुधारलेलं परिशिष्ट आलं. अखेरच्या हिशोबाचा कागद दाखवल्यावर, कमाल ८० हजारांपर्यंत, दुसऱ्या पगाराबरोबर, कर कापून. तिने सही केली, सगळ्या कागदांची प्रत खाजगी खात्यात ठेवली, आणि त्याच दुपारी राजीनामा दिला.